नामदेवांच्या पदावर ‘१ओं सतिगुर प्रसादि’ कुणी लिहिलं? (आणि ते प्रत्येक शबदाच्या आधी का येतं?)

मंजिरी_का

आईकडे गुरू ग्रंथसाहिबची देवनागरीतली प्रत आली आहे. त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत हे ठाऊक होतं, त्यामुळे आधी तीच शोधली. पान ४८५ वर (‘अंग’ म्हणतात ना पानाला?) ‘एक अनेक बिआपक पूरक जत देखउ तत सोई’ हे पद सापडलं. आसा रागातलं आहे. पदाच्या वर मात्र ‘१ओं सतिगुर प्रसादि’ अशी ओळ आहे.

घोळ असा की नामदेव १२७० चे आणि गुरू नानक १४६९ चे. म्हणजे नामदेव समाधिस्थ झाल्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी नानकांचा जन्म. मग ही ओळ नामदेवांची कशी असेल? नंतर कुणी घातली असेल तर का घातली? गुरुबाणीत प्रत्येक शबदाची, म्हणजे पदाची, सुरुवात याच ओळीने होते, असं ऐकून होते. आमच्या गाथेत प्रत्येक अभंगावर अशी ओळ नसते. कुणी नीट सांगेल का?

नीळकंठ_देव

सोपं आहे. जुन्या पत्राच्या डोक्यावर ‘श्री’ लिहायचे, पोथीच्या आरंभी ‘श्रीगणेशाय नमः’ लिहायचे, त्यातलाच हा प्रकार. मंगलाचरण. ज्ञानेश्वरीही ‘ॐ नमोजी आद्या’ने सुरू होते. तोच ओंकार त्यांनी प्रत्येक पदावर घातला, एवढंच. अर्थ तोच, लिपी वेगळी. यात गूढ काही नाही.

हुजूरी_गल्लीवाला

मंजिरीताई, मी नांदेडचा. घर गुरुद्वाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, आजोबा ग्रंथाचं वाचन करणारे ‘पाठी’ होते. त्यामुळे घरात हे कानावर पडतच आलंय.

पहिली गोष्ट म्हणजे ही ओळ प्रत्येक शबदावर नाही. ऐकून तसं वाटतं खरं, पण पान उलटून बघा. तुम्ही ४८५ वर आहातच, तर तिथूनच पुढे वाचा. आसा रागात नामदेवांची पाच पदं आहेत. ‘एक अनेक’ हे पहिलं. त्यानंतर ‘आनीले कुंभ’, मग ‘मनु मेरो गजु जिहबा मेरी काती’ वगैरे. या पुढच्या पदांवर नुसतं ‘आसा’ असं रागाचं नाव आहे, ‘१ओं’ नाही. पाच पदांना मिळून एकच मंगल आहे.

आता पुढचं पान, ४८६. नामदेव संपले आणि रविदासजींची बाणी सुरू झाली. तिथे पुन्हा ‘१ओं सतिगुर प्रसादि’. ४८७ वर धन्ना भगतांची बाणी, पुन्हा तीच ओळ. ४८८ वर शेख फरीद, पुन्हा तीच. बोलणारा बदलला की मंगल येतं. एकाचीच पदं सलग चालू असतील तर येत नाही.

नामदेवांनी ते लिहिलं नाही हा तुमचा अंदाज बरोबर आहे. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये अमृतसरला आदिग्रंथ सिद्ध केला. लेखणी भाई गुरदासांच्या हातात होती. आधीच्या गुरूंची बाणी, स्वतःची बाणी आणि भगतांची बाणी त्यांनी राग लावून मांडली. भगतांच्या बाणीवर ही ओळ आली ती त्या मांडणीत.

मंजिरी_का

अरे वा, हे बघितलंच नव्हतं. खरंच, दुसऱ्या पदावर नुसतं ‘आसा’ आहे. पण मग फक्त कवी बदलला की येतं का? नानकांच्या पदांत तर कवी तोच असतो, तिथेही मधेमधे दिसतंय.

हुजूरी_गल्लीवाला

कवी हे एक कारण. राग बदलला की येतंच. त्याच रागात रचनेचा प्रकार बदलला, म्हणजे चौपदे संपून अष्टपदी लागली, किंवा अष्टपदी संपून छंत लागला, तरी येतं. ‘घरु’ बदलला तरी बऱ्याचदा येतं. शीर्षकात ‘घरु १’, ‘घरु २’ असं दिसतं ना, ते गाणाऱ्यासाठी आहे. त्याचा तालाशी संबंध लावतात, पण आजचे रागी त्यावर एकमताने बोलत नाहीत, म्हणून तो विषय बाजूला ठेवतो.

आसा रागच घ्या, म्हणजे कळेल. ३४७ व्या अंगावर राग सुरू होतो. तिथे छोटी ओळ नाही, पूर्ण मूलमंत्र आहे: ‘१ओं सति नामु करता पुरखु निरभउ निरवैरु अकाल मूरति अजूनी सैभं गुर प्रसादि’. मग गुरूंची पदं, अष्टपदी, छंत असं करत ४६२ वर ‘आसा दी वार’ लागते. पहाटे हरमंदिर साहिबमध्ये गातात ती. तिच्यावर पुन्हा पूर्ण मूलमंत्र. गंमत म्हणजे या वारेत पहिल्या आणि दुसऱ्या गुरूंचे सलोक एकमेकांत गुंफलेले आहेत. बोलणारा सारखा बदलतो, पण मधे कुठेही मंगल येत नाही, कारण वार ही एकच रचना धरली आहे. ४७५ पासून भगतांची बाणी सुरू होते. आधी कबीरजी, मग ४८५ ला तुमचे नामदेव.

म्हणजे ही ओळ पदाची नाही, ‘विभागाची’ आहे. एवढं धरून चाललात की बहुतेक ठिकाणी ती कुठे येणार हे आधीच ओळखता येतं.

ही ओळ चार रूपांत येते. पूर्ण मूलमंत्र ३३ वेळा. ‘१ओं सति नामु करता पुरखु गुर प्रसादि’ हे मधलं रूप ८ वेळा. ‘१ओं सति नामु गुर प्रसादि’ फक्त २ वेळा. आणि ‘१ओं सतिगुर प्रसादि’ हे सगळ्यांत छोटं रूप पाचशेहून जास्त वेळा. एकूण शबद-सलोक साडेपाच हजारांच्या वर आहेत, त्यावरूनच कळतं की प्रत्येकावर ते नाही.

सायली_खाऊगल्ली

प्रसादि म्हणजे गुरुद्वाऱ्यात हातावर देतात तो कडा प्रसाद का? तूप सुटलेला, गरम गरम. नांदेडला लंगरमध्ये जेवलो होतो, त्या डाळीची चव अजून आठवते. बाकी चर्चा डोक्यावरून गेली 😊

धनंजय_लुधियाना

सायली, तो प्रसाद वेगळा हो. इथे ‘गुर प्रसादि’ म्हणजे गुरूच्या कृपेनं. शेवटी जो ऱ्हस्व इकार आहे तो उच्चारात जवळजवळ ऐकू येत नाही, पण तिसऱ्या विभक्तीचं काम तोच करतो. म्हणून ‘तो एक आहे’ एवढ्यावर वाक्य थांबत नाही, ‘तो गुरूच्या कृपेने कळतो’ असं पुरं होतं. छोट्या रूपात मधली सगळी विशेषणं गळली तरी हे दोन टोकांचे तुकडे राहतात: पहिला ‘१ओं’ आणि शेवटचा गुरुप्रसाद. एक कोण, आणि तिथवर पोचायचं कशाने. छाटताना हेच दोन ठेवले यावरून त्यांच्या दृष्टीने वजन कशाला होतं ते दिसतं.

मी सतरा-अठरा वर्षं इकडे नोकरीला आहे, शेजारच्या ग्यानीजींकडे गुरुमुखी शिकलो. एक दुरुस्ती सुचवतो, हुजूरीभाऊ रागावणार नाहीत. राग लागला की पूर्ण मूलमंत्र असं धरून चालू नका. ग्रंथातला पहिला राग सिरीराग, अंग १४. तिथे छोटीच ओळ आहे.

हुजूरी_गल्लीवाला

रागवायचं काय त्यात, बरोबर आहे तुमचं. पूर्ण रूप कुठे आणि छोटं कुठे याला शंभर टक्के लागू पडेल असा नियम मला कुणी सांगितलेला नाही. आजोबा म्हणायचे, मोठ्या दारावर मोठं तोरण. पण सुखमनीसारखी मोठी रचना (अंग २६२) छोट्या ओळीनेच सुरू होते, मग तोरणाचं गणित तिथे बसत नाही.

नीळकंठ_देव

बरं, विभागाची ओळ म्हणा. पण माझा मुद्दा तोच राहतो. ओंकार आपलाच आहे. उगाच वेगळेपणा कशाला काढायचा?

धनंजय_लुधियाना

देवसाहेब, शब्द एकाच घराण्यातला आहे हे कुणीच नाकारत नाही. नानकांनी स्वतः रामकली रागात ‘ओअंकारु’ नावाची मोठी रचना केली आहे, अंग ९२९ पासून. ती ‘ओअंकारि ब्रहमा उतपति’ अशीच सुरू होते. म्हणजे परंपरेला ते ओळखून आहेत. पण मूलमंत्रात त्यांनी काय केलं ते बघा. ओंकाराच्या आधी आकडा घातला. ‘इक’ असा शब्द लिहिलेला नाही, एकचा आकडा काढलेला आहे. शब्दाला लिंग, वचन, विभक्ती येते, आकड्याला काहीच चिकटत नाही. भाई गुरदासांनी, म्हणजे ज्यांनी हा ग्रंथ हाताने लिहिला त्यांनीच, आपल्या तिसऱ्या वारेत हे सांगून ठेवलंय: ‘एका एकंकारु लिखि देखालिआ । ऊड़ा ओअंकारु पासि बहालिआ ।’ आधी एक लिहून दाखवला, मग ऊड़ा हे अक्षर ओंकार म्हणून त्याच्या शेजारी बसवलं.

ज्ञानेश्वरीचं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. माउली पुढे लगेच अकार, उकार, मकार असे तीन भाग करून त्यातून गणेशाचं रूप उभं करतात. अकार पाय, उकार पोट, मकार मस्तक. ते अप्रतिमच आहे. पण शीख परंपरेत त्या एकच्या आकड्याकडे बरोबर उलट नजरेने बघतात: या ओंकाराचे तीन भाग पाडू नका, तीन देवांत वाटू नका. मूलमंत्रात पुढे ‘अजूनी’ आहे, म्हणजे योनीत न येणारा. तिथे अवताराचा रस्ता बंद होतो. आपल्या वारकऱ्याला विठ्ठल विटेवर उभा लागतो. तेव्हा ‘अर्थ तोच’ म्हणताना जरा जपून.

नीळकंठ_देव

मग नामदेवांचं काय? ते तर विठ्ठलाचेच. त्यांच्या पदावर ‘अजूनी’वाल्याची मुद्रा उठवली असंच म्हणायचं ना? हे मला जरा खटकतं, स्पष्ट सांगतो.

हुजूरी_गल्लीवाला

हा प्रश्न मात्र खरा आहे, झटकून टाकण्यासारखा नाही.

मी कसं बघतो ते सांगतो. ४८५ वरचं पद पूर्ण वाचा. ‘सभु गोबिंदु है सभु गोबिंदु है गोबिंद बिनु नही कोई । सूतु एकु मणि सत सहंस जैसे ओति पोति प्रभु सोई ।’ हजारो मणी, दोरा एक. पुढे म्हणतात, पाण्याची लाट, फेस आणि बुडबुडा पाण्याहून वेगळे नसतात. या पदावर ‘१ओं’ लिहिलं तर ते बाहेरून आणून लावलेलं वाटत नाही. पद स्वतःच तेच बोलतंय. गुरू अर्जनदेवांनी नामदेवांची सगळी पदं घेतली नाहीत, निवडली. निवडताना कुठली नजर होती ते या पदावरून कळतं. गाथेतले नामदेव आणि ग्रंथातले नामदेव यांचे चेहरे थोडे वेगळे दिसतात, ते बरंचसं त्यामुळे.

पण गोविंद, बीठल, राम ही नावं त्यांनी पुसली नाहीत हेही लक्षात घ्या. नामदेवांच्या पदात ‘बीठलु’ आहे तसाच ठेवलाय. वर एकाचं विधान, खाली प्रत्येकाची आपापली हाक. त्याच आसा रागात नामदेव शिंपी, कबीर विणकर, रविदास चांभार, धन्ना जाट आणि फरीद सूफी शेख ओळीने बसलेत, आणि गुरूंच्या बाणीवर जी ओळ तीच यांच्या बाणीवर. भगतांसाठी कमी दर्जाचं वेगळं मंगल केलेलं नाही. माझ्या लेखी ‘का’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

नीळकंठ_देव

मांडणी पटण्यासारखी आहे. निवड करणाऱ्याची नजर पदांवर बसते हे तुम्हीच म्हणालात, तेवढा माझा आक्षेप नोंदवून ठेवतो.

पोथीप्रेमी

दोन पैसे माझेही. मी हस्तलिखितांची सूची करायचं काम करतो (शीख नव्हे, महानुभाव आणि वारकरी बाडं). विभागाच्या आरंभी ठरावीक ओळ असण्याला एक साधा उपयोग असतो. बाडं सुटतात, पानं हलतात, लोक त्यातला एखादाच भाग उतरवून नेतात. अशी ओळ दिसली की नवं प्रकरण इथून सुरू, हे लगेच कळतं. एकाने कुठे शेपूट जोडलं तर तेही उघडं पडतं. इथेही तसंच असावं.

धनंजय_लुधियाना

उपयोग होत असेलच, पण तेवढ्यासाठी घातलं असं म्हणवत नाही. प्रकरण मोजायला ग्रंथात वेगळी सोय आहे. पदाच्या शेवटी आकडे असतात: या पदाची कडवी किती, या गटातलं हे कितवं, आजवर एकूण किती. भर घालणं अवघड झालं ते त्या आकड्यांमुळे. खूण म्हणून नुसती रेघही चालली असती.

तुमच्या आवडीचं एक सांगतो. आदिग्रंथाच्या आधीच्या, गोइंदवालच्या पोथ्या म्हणतात त्यांत या मंगलाचे शब्द थोडे वेगळे आहेत. म्हणजे आज जे रूप आपण वाचतो ते १६०४ च्या ग्रंथात पक्कं झालं. त्याआधी ते टप्प्याटप्प्याने घडत गेलं की मूळ नानकांचं रूप हेच होतं आणि पोथ्या उतरवणाऱ्यांनी फरक केला, यावर अभ्यासकांत आणि श्रद्धावंतांत चांगलीच जुंपलेली आहे. मी त्यात पडत नाही.

अमोल_फॉन्टवाला

माझी अडचण वेगळीच आहे. मी आमच्या मंडळासाठी ग्रंथातल्या नामदेव-त्रिलोचनांच्या पदांची देवनागरी फाईल करतोय. गुरुमुखीत हे चिन्ह एकच अक्षर म्हणून आहे, युनिकोडमध्ये `U+0A74`. देवनागरीत असं जोडचिन्ह नाही. त्यामुळे कुणी ‘१ओं’ लिहितं, कुणी ‘१ ओअंकार’, कुणी ‘इक ओंकार’. तीन ठिकाणांहून मजकूर उतरवला आणि शोध मारला तर निम्मी मंगलं सापडतच नाहीत. वाचायचं कसं ते तरी सांगा, तेच लिहून टाकतो.

हुजूरी_गल्लीवाला

आमच्याकडे ‘इक ओअंकार’ वाचतात. ‘एक ओंकार’ म्हणणारे भरपूर, विशेषतः गाण्यांमुळे. काही जण ‘एकंकार’ असा आग्रह धरतात. चिन्हातल्या ‘ओ’ची वरची रेघ लांब ओढलेली असते, तिला ‘कार’ म्हणून वाचतात, वाद त्या रेघेच्या वाचनाचा आहे. फाईलमध्ये मूळ गुरुमुखी चिन्हच ठेवा आणि सगळीकडे एकसारखं. उच्चार प्रस्तावनेत एकदा सांगा. ‘इक’ असं अक्षरी लिहिलंत तर आकडा जातो, आणि वर धनंजयभाऊंनी सांगितलं त्यातली अर्धी गोष्ट तिथेच गळते.

गुरप्रीत_ठाणे

मराठी शाळेत शिकलेली पंजाबी आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरी मूलमंत्र ‘नानक होसी भी सचु’ पर्यंत म्हणतात. वरती सगळे ‘गुर प्रसादि’वर थांबलेत. लहानपणापासून म्हणतेय ते काय जास्तीचं आहे का?

धनंजय_लुधियाना

गुरप्रीतताई, हा जुना वाद आहे आणि दोन्हीकडे श्रद्धावंत माणसं आहेत. ग्रंथ उघडून दिसतं ते असं: जपजीच्या आरंभी मूलमंत्र ‘गुर प्रसादि’ला संपतो, मग ‘जपु’ हे शीर्षक येतं, आणि त्यानंतर ‘आदि सचु जुगादि सचु’ हा सलोक. पुढे पूर्ण मूलमंत्र जिथे जिथे येतो तिथे तो ‘गुर प्रसादि’लाच थांबतो, सलोक सोबत येत नाही. सलोक थोड्या फरकाने सुखमनीच्या सतराव्या अष्टपदीत येतो, तिथे मूलमंत्र सोबत नाही. शिरोमणी कमिटीची मर्यादा, म्हणजे आचारसंहिता, ‘गुर प्रसादि’पर्यंतच मानते.

हुजूरी_गल्लीवाला

पण टकसाल आणि निहंग या शिखांमधल्याच परंपरांत ‘होसी भी सचु’ पर्यंत मूलमंत्र मानतात, अमृत म्हणजे दीक्षा देतानाही तसाच देतात. आमच्या हजूर साहिबच्या रीतीही पंजाबच्या मर्यादेशी सगळीकडे जुळत नाहीत. गुरप्रीत बेटा, तू घरी म्हणतेस तसंच म्हण. ग्रंथातली मांडणी आणि जपाची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुरप्रीत_ठाणे

थँक यू अंकल. बीजी कधीच ऐकणार नव्हत्या, आता मीही सांगायला जात नाही 😄

मंजिरी_का

सगळ्यांचे आभार, पण सोडत नाही अजून. हुजूरीदादांच्या नियमाने नामदेवांची सगळी पदं शोधत बसले. बहुतेक ठिकाणी बसतोय. पण अंग ७२७ बघा, तिलंग राग. आधी कबीरांचं ‘बेद कतेब इफतरा भाई’, त्यावर मंगल आहे. मग नामदेवांचं ‘मै अंधुले की टेक तेरा नामु खुंदकारा’. तिथे नुसतं ‘नामदेव जी’ असं लिहिलंय. मंगल नाही. कवी बदलला तरी नाही! (अवांतर: हे पद वाचून चकितच झाले. खुंदकार, करीम, रहीम. हे आपले नामदेव?)

हुजूरी_गल्लीवाला

शाब्बास ताई, बरोबर पकडलंत. तिथलं शीर्षक बघा: ‘रागु तिलंग बाणी भगता की’. तिलंगात भगतांची बाणी इतकी थोडी आहे की कबीर आणि नामदेव एकाच शीर्षकाखाली घेतलेत, आणि मंगल त्या शीर्षकाला एकदाच. आसा रागात प्रत्येकाचं शीर्षक वेगळं, म्हणून मंगलही वेगळं. माझा तर्क आहे हा, कुठे लिहिलेलं वाचलेलं नाही.

धनंजय_लुधियाना

तर्क ठीक आहे, पण मग धन्ना भगतांची आसातली बाणीही थोडीच आहे. ती स्वतंत्र शीर्षकाखाली का? ग्यानीजींना विचारून सांगतो, ते गुरुपुरबच्या तयारीत आहेत, दोनतीन दिवस लागतील. मंजिरीताई, तोवर भैरउ राग बघून ठेवा, अंग ११६३ पासून. तिथे नामदेवांची पदं बरीच आहेत आणि मधेच घरु बदलतो. मंगल कुठे कुठे आलंय ते इथे टाका.